घोषवाक्य आवळताना यमक आणि श्लेष कसे सांभाळायचे

घोषवाक्य लिहिण्याच्या कामात नव्याने आलेल्यांच्या हाती पहिल्यांदा बहुधा दुसऱ्याने लिहिलेला मजकूरच येतो. त्यात कल्पना चांगली असते, यमकही असते, पण शब्द फार असतात. हा मजकूर साहेबांच्या नाहीतर समितीच्या मनात बसलेला असतो, त्यामुळे तो फेकून नवा लिहिता येत नाही, आहे तोच आवळायचा असतो. पाणीबचतीसाठी आलेला असा एक कच्चा मजकूर घेऊ:

घरोघरी जर हा नळ सदैव असाच गळेल,
तर सर्वांच्या तोंडचे पाणी खरोखर पळेल,
आणि बचतीकडे मन आपुले नक्कीच वळेल.

सुरुवातीलाच कात्री घेऊ नका. आधी या मजकुराचा जीव कशात आहे ते शोधा. इथे तो दोन ठिकाणी आहे. ‘गळेल–पळेल’ हे यमक आणि ‘तोंडचे पाणी पळणे’ हा वाक्प्रचार. वाक्प्रचाराचा अर्थ घाबरगुंडी उडणे, आणि इथे खरोखरीचे पाणीही जाणार आहे. दोन्ही अर्थ वाचणाऱ्याला एकाच बाजूला ढकलतात, म्हणून हा श्लेष कामाचा. दुसरा अर्थ उलट बाजूला ओढत असेल तर श्लेष कितीही गमतीचा असो, तो सोडलेला बरा. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ गाजले, पण त्यातल्या ‘जिरवा’वरून ‘एकमेकांची जिरवा’ असा विनोदही गावोगाव झालाच.

आता यमक तपासू. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि प्रत्यय सारखे असतात, त्यामुळे ‘करूया–जपूया’, ‘येईल–राहील’ अशा जोड्या फुकटात मिळतात. प्रत्ययाने जुळलेले यमक कानाला फारसे लागत नाही. ‘गळेल–पळेल’मध्ये मात्र धातूतला ‘ळ’सुद्धा जुळतो, फक्त पहिले अक्षर बदलते. म्हणून हे यमक पक्के, ते सोडायचे नाही. तिथे ‘चालेल’ आणून बसवले तर कागदावर जवळचे दिसते, पण मराठी कान ळ आणि ल एक मानत नाही. ‘मजा–प्रजा’चे तसेच आहे. अक्षर एकच असले तरी दोन्ही ‘ज’ वेगळे उच्चारतात, त्यामुळे हे यमक फक्त डोळ्यांपुरते राहते.

तिसरी ओळ सरळ काढा. ‘वळेल’ हा शब्द केवळ यमकासाठी बोलावलेला आहे आणि तो आशयाच्या विरुद्ध जातो: पाणी पळाल्यावर मन बचतीकडे वळणार असेल तर नळ गळू द्यायला हरकत काय? ओढूनताणून आणलेला शब्द ओळखायची ही एक खूण. तो शब्द सांभाळायला वाक्याला भलतेच काहीतरी म्हणावे लागते. दुसरी खूण म्हणजे ‘आपुले’, ‘सकळ’, ‘करुनी’, ‘तव’ अशी रूपे. नळाबद्दल बोलताना ती कोणी वापरत नाही, मात्रा भरायला तेवढी येतात.

उरलेल्या दोन ओळींतून एकेक शब्द काढून मोठ्याने वाचा. ‘सदैव’, ‘असाच’, ‘हा’, ‘घरोघरी’ गेले तरी काही अडत नाही. ‘खरोखर’ तर नुकसानच करतो. एक तर तो ‘पाणी’ आणि ‘पळेल’ यांच्या मध्ये घुसून वाक्प्रचार तोडतो, शिवाय ‘खरोखर’ म्हटले की श्लेष समजावून सांगितल्यासारखा होतो. ‘सर्वांच्या’ही नको, कारण कोणाच्या ते न सांगितल्यावर वाचणारा स्वतःचेच तोंड धरतो. हे सगळे गेले की उरते:

जर नळ गळेल, तर तोंडचे पाणी पळेल.

अर्थ पोहोचला, पण ओळ लंगडते. का, ते मात्रा मोजल्यावर कळते. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. अनुस्वार असलेल्या किंवा जोडाक्षराच्या आधी आघात येणाऱ्या अक्षराच्याही दोन. पहिल्या भागात ८ मात्रा आहेत, दुसऱ्यात १५. जर-तर काढले तर ६ आणि १३. लोकांच्या तोंडी बसलेली वाक्ये याच हिशोबाने मोजून पाहा. ‘पाणी अडवा’ ८, ‘पाणी जिरवा’ ८. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हेही ८ आणि ८, ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ तसेच. गंमत अशी की ‘अडवा–जिरवा’ आणि ‘लावा–जगवा’ ही प्रत्ययाचीच यमके आहेत. ती चालून जातात, कारण दोन्ही बाजूंचे वजन सारखे आहे आणि पहिला शब्द पुन्हा येतो. ‘अति घाई, संकटात नेई’ मात्र ६ आणि १० असूनही टिकले, तेव्हा समान मात्रा हा काही कायदा नाही. पण दोन भागांत दुपटीहून जास्त फरक पडला की वाचणारा दुसऱ्या भागात अडखळतो.

म्हणजे इथे पहिल्या भागात भर घालायला हवी. आवळताना शब्द वाढवायचा हे नवख्यांना पटत नाही, पण घातलेला शब्द काम करत असेल तर तो भरताड नसतो. पहिल्या भागातही ‘पाणी’ आणू:

नळाचं पाणी गळेल,
तोंडचं पाणी पळेल.

१३ आणि १३. ‘नळाचं’समोर ‘तोंडचं’ येते, ‘पाणी’ दोनदा येते आणि दुसऱ्यांदा त्याचा अर्थ बदलतो. श्लेष आता आणखी उघड झाला. जर-तरचे कामही ही जोडीच करते, दोन सारखी भविष्यकाळी वाक्ये पाठोपाठ आली की कान त्यांतला संबंध जोडून घेतो. ‘आज नळाचं पाणी गळेल, उद्या तोंडचं पळेल’ असाही पर्याय सुचेल. वाईट नाही, पण टँकरच्या मागची फक्त दुसरी ओळ कोणी वाचली तर ‘तोंडचं पळेल’ म्हणजे काय ते कळणार नाही. वाक्प्रचार अखंड राहू द्यावा.

‘गळका नळ लगेच दुरुस्त करा’ ही सूचना घोषवाक्यात कोंबू नका, खाली बारीक अक्षरांत स्वतंत्र लिहा.

यापुढे बिघाड होतो तो दुरुस्तीच्या नावाखाली. ‘नळाचं’शी जुळावे म्हणून कोणीतरी ‘तोंडाचं पाणी’ करते. त्यात एक मात्रा वाढतेच, पण मुख्य म्हणजे वाक्प्रचार मरतो आणि वाचणाऱ्याला लाळ आठवते. ‘तोंडचे’ हे रूप ठरलेले आहे, त्याला हात लावायचा नाही. कार्यालयाला प्रमाण लेखन हवे असेल तर ‘नळाचे–तोंडचे’ करा, मात्रा तेवढ्याच राहतात. फक्त एका ओळीत ‘चं’ आणि दुसरीत ‘चे’ असे होऊ देऊ नका. शब्द वाचवायला ‘पाण्याची बचत’चे ‘पाणी बचत’ करणेही टाळा. विभक्ती गेली की मराठी कानाला वाक्य अर्धवट वाटते.

मजकूर पेंटरकडे देताना ओळ कुठे तोडायची ते खूण करून द्या, नाहीतर जागा पाहून तो ‘तोंडचं’ एका ओळीत आणि ‘पाणी पळेल’ खाली रंगवेल. रंगकाम झाल्यावर अनुस्वार बघायला स्वतः जा, कारण टिंब राहिले की भिंतीवर ‘तोंडच पाणी पळेल’ असे उरते.