कंपनीचा खरा ग्राहकसेवा क्रमांक कुठे शोधावा

ऑनलाइन मागवलेला मिक्सर बिघडलेला निघाला, तर सर्च इंजिनवर ग्राहकसेवा क्रमांक शोधू नये, कारण तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही वर दिसतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार विक्री-मंचाने आपले कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, तसेच ग्राहकसेवा व तक्रार निवारण अधिकारी यांचा संपर्क मंचावर प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. त्यामुळे ॲप उघडून किंवा संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून अगदी तळाशी जावे आणि `Grievance Officer` किंवा `Contact Us` हा दुवा पाहावा. बहुधा तो बारीक अक्षरांतच असतो. तेथील कायदेशीर नाव मंचाच्या पावत्यांवरील नावाशी ताडून घ्यावे. वस्तूच्या बिलावर मात्र बहुतेकदा विक्रेत्याचे नाव असते, तेव्हा तो फरक पाहून बिचकू नये. उत्पादकाकडे दाद मागायची असल्यास खोक्यावरील ग्राहक तक्रारीसाठीचा पत्ता, दूरध्वनी व ईमेल वापरावा. आवेष्टित वस्तूंवर तो छापावाच लागतो. अधिकाऱ्याला ऑर्डर क्रमांकासह ईमेलच करावा, कारण 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण या मुदती मोजायला लेखी तारीख लागते. ओटीपी किंवा स्क्रीन शेअर करण्याची मागणी झाली, तर संभाषण तेथेच थांबवावे.