विसंगत पद: तिघांबद्दल ‘आहे’ म्हणता येतंय का?

पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ५४ सेकंद. विसंगत पदाचा प्रश्न त्यातल्या वीसेक सेकंदांत सुटायला हवा, कारण इथे वाचवलेला वेळ बैठक व्यवस्थेच्या प्रश्नाला लागतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सराव पेपर झाला की आम्ही चुकलेले प्रश्न एकत्र बसून पाहतो. वर्गीकरणात बहुतेकांची चूक एकच निघते. चार पर्याय वाचल्याबरोबर नजर ‘वेगळं कोण दिसतंय’ हे शोधायला लागते. वेगळेपण तर चौघांतल्या प्रत्येकात सापडतं, म्हणून तयारीची सुरुवात उलट्या टोकाने करा. आधी तिघांचं नातं शोधा, चौथा आपोआप बाहेर पडेल.

पहिली तयारी पाठांतराची, आणि ती टाळता येत नाही. ३० पर्यंतचे वर्ग आणि १५ पर्यंतचे घन विचारताक्षणी आठवले पाहिजेत. १०० पर्यंतच्या २५ मूळसंख्या पाठ असतातच, पण मूळ वाटणाऱ्या आणि मूळ नसलेल्या संख्यांची वेगळी यादी वहीच्या पहिल्या पानावर हवी: ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३, १६१. यातली ५१ म्हणजे ३ गुणिले १७ आणि ९१ म्हणजे ७ गुणिले १३. प्रश्न काढणारे याच संख्या तीन खऱ्या मूळसंख्यांच्या मध्ये पेरतात. वर्गात किंवा घनात एक मिळवून वा वजा करून येणाऱ्या संख्याही ओळखीच्या करून घ्या. ९, २८, ६५, १२४ हा गट पाहा. पहिल्या तीन संख्या २, ३ आणि ४ च्या घनात एक मिळवून येतात, १२४ मात्र ५ च्या घनातून एक वजा करून. इथे ६५ म्हणजे ८ चा वर्ग अधिक एक असं आधी आठवलं तर माणूस भरकटतो, कारण ६५ दोन्हीकडे बसते. २६ आणि ६३ यांचंही तसंच आहे. या तीन संख्यांभोवती वहीत गोल करून ठेवा.

आता ज्या प्रश्नावर आमच्या टेबलावर तासभर चर्चा झाली तो घेऊ. पर्याय होते ८, २७, ६४, १२५. एकाने १२५ निवडलं, कारण ५ ने भाग जाणारी ती एकटीच. दुसरीने ८, कारण एकअंकी संख्या तीच. तिसऱ्याने २७, कारण ३ ने भाग फक्त तिलाच जातो. चौथ्याचं उत्तर ६४, कारण पूर्ण वर्ग तेवढीच. चौघांचंही म्हणणं गणिताने खरं होतं. मग उत्तर ठरवायचं कसं?

आधी चारही पदांना लागू पडणारा गुण पाहा. इथे सगळे घन आहेत. जो गुण चौघांत आहे तो उत्तर देत नाही, पण पुढे कुठे शोधायचं ते सांगतो. मी त्याला कुंपण म्हणते. कुंपण घनांचं आहे, तर पुढचा प्रश्न घनमुळांबद्दल विचारायचा. त्यानंतर ज्या गुणाने दोन-दोन असे गट पडतात तो सोडून द्यायचा. सम-विषम पाहिलं तर ८ आणि ६४ एकीकडे, २७ आणि १२५ दुसरीकडे, म्हणजे ते बाद. उरलेल्या प्रत्येक दाव्याला मग एकच कसोटी लावायची: बाकीच्या तिघांबद्दल ‘आहे’ असं वाक्य तयार होतंय का? १२५ वेगळी मानली तर उरलेल्या तिघांना ५ ने भाग जात नाही एवढंच म्हणता येतं. ८ वेगळी मानली तर उरलेल्या एकअंकी नाहीत. २७ चंही तेच. ‘नाही’ने तिघांचा गट बनत नाही, कारण ‘५ ने भाग न जाणाऱ्या’ संख्या जगात अगणित आहेत. आता घनमुळं लिहा: २, ३, ४, ५. यातले २, ३ आणि ५ मूळ आहेत. ‘हे तिघे मूळसंख्यांचे घन आहेत’ हे वाक्य कुंपणाच्या आत राहून तिघांना जोडतं आणि ६४ ला बाहेर ठेवतं. उत्तर ६४. पूर्ण वर्ग म्हणून ६४ निवडणाऱ्याचं उत्तर बरोबर आलं, पण कारण अर्धवट होतं, आणि पुढच्या प्रश्नात तसं कारण दगा देऊ शकतं.

शब्दांच्या प्रश्नांना हीच कसोटी लागते, फक्त कुंपण विषयाचं असतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना ही चारही पुणे जिल्ह्यातली धरणं, पण पहिली तीन मुठेच्या खोऱ्यातली आहेत. पवना वेगळं. बटाटा, आले, कांदा, गाजर यांत आल्याला मसाल्याचा पदार्थ म्हणून बाजूला काढायचा मोह होतो. पण चौघांचं कुंपण ‘जमिनीखाली वाढणारा वनस्पतीचा भाग’ हे आहे. त्याच्या आत विचारलं की बटाटा, आले आणि कांदा ही रूपांतरित खोडं आहेत आणि गाजर हे मूळ, असं लगेच दिसतं. म्हणून सामान्य विज्ञानातल्या अशा जोड्या वर्गीकरणाच्याच वहीत उतरवा. पितळ हे संमिश्र, तांबे हे मूलद्रव्य. शार्क हा मासा, व्हेल आणि डॉल्फिन सस्तन. बिबट्या मार्जार कुळातला, लांडगा श्वान कुळातला. अप्पा बळवंत चौकातून जाडजूड सरावसंच आणण्याआधी या वहीची दहा पानं भरलेली असू द्या.

एका ठिकाणी मात्र ही कसोटी अपुरी पडते. शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू असे पर्याय आले तर दोन्हीकडे ‘आहे’ म्हणता येतं. शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे खडकाळ ग्रह आहेत, म्हणून गुरू वेगळा. पण शुक्र, मंगळ आणि गुरू यांच्या नावाचे वार आहेत, म्हणून पृथ्वीही वेगळी. अशा वेळी वस्तूचा गुण नावाच्या गुणापेक्षा वरचा मानायचा. कुंपण ग्रहांचं आहे, वारांचं नाही, म्हणून मी गुरूवर खूण करेन. उत्तरतालिकेत पृथ्वी आली आणि हरकती मागवल्या असतील, तर हेच वाक्य पाठ्यपुस्तकाच्या पानासह लिहून द्यावं.

अक्षरगटांना फारशी तयारी लागत नाही. ई, जे, ओ, टी, वाय यांचे क्रमांक ५, १०, १५, २०, २५ हे पाठ असले की बाकीची अक्षरं त्यांच्या आधाराने मोजता येतात. उलट जोडीतल्या दोन अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज २७ येते, तेवढं लक्षात ठेवा. अक्षरांखाली क्रमांक लिहिले की तो संख्यांचाच प्रश्न होतो.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवे प्रश्न घेऊ नका. जुन्या प्रश्नपत्रिकांतले वर्गीकरणाचे तीसेक प्रश्न काढा आणि प्रत्येकापुढे उत्तराऐवजी फक्त तिघांबद्दलचं वाक्य लिहा. ज्या प्रश्नापुढे वाक्यात ‘नाही’ आला, तो प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.