नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीची ओळ आधी तपासा

फुल अँड फायनलच्या कागदावर आपण तळाची एकूण रक्कम बघतो आणि सही करून मोकळे होतो. खरी चूक बहुतेक वेळा ग्रॅच्युइटीच्या ओळीत असते, आणि ती दोन मिनिटांत पकडता येते.

समजा, रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात कोणी 7 वर्षे 8 महिने कायम कामावर होता. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता 15,600 रुपये.

1. या रकमेला 26 ने भागा, 30 ने नव्हे. रोज 600 झाला.
2. त्याला 15 ने गुणा: 9,000.
3. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 8 ने गुणा: 72,000.

कागदावर 54,600 दिसले, तर 30 ने भागून वर्षंही 7 च धरलीत. तब्बल 17,400 चा फरक!

मग वसुलीचा रकाना बघा. उचल पगार आणि रजेच्या पैशांतून वळती केलेली चालते. ग्रॅच्युइटीतून कापली असेल तर लेखी हरकत घ्या.

सहीच्या जागी 'सर्व रक्कम मिळाली, काही येणे नाही' असं छापलेलं असतं. पैसे खात्यात आले नसतील तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने 'फक्त प्रत मिळाली, रक्कम येणे बाकी' असं लिहून तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा.

आंबा कॅनिंगसारख्या हंगामी कारखान्यात फक्त हंगामापुरतं काम करणाऱ्यांना मात्र दर हंगामाला 15 ऐवजी 7 दिवसांचा हिशोब लागतो.