या चुका टाळा: पाठीवर ओझं, पायाखाली रेती किंवा चिखल असताना चालण्याचा वेळ काढताना

नकाशावर अंतर मोजायचं, ताशी ५ किलोमीटरने भागायचं आणि निघायचं, ही आपल्याकडची रूढ पद्धत. मुळात हा आकडा जुना आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये ताशी ३ मैल, म्हणजे जवळपास ५ किलोमीटर, आणि दर २००० फूट चढाईला एक तास जास्त, असा ठोकताळा दिला. नागपूरच्या आसपास सपाट मुलूख, त्यामुळे चढाईचा भाग बहुतेक वेळा गळून पडतो आणि उरतो तो नुसता ५ चा आकडा. पण तो चांगल्या वाटेचा आहे. पाठीवर १५ किलो, वाटेत काळ्या मातीची पांदण आणि पुढे कन्हानची कोरडी रेती असेल, तर तो कापावाच लागतो. कापायला हवा हे सगळ्यांना कळतं; गडबड होते ती टक्के लावताना.

हिशेबासाठी माझे सुरुवातीचे आकडे असे: ओझं अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर गेलं की वेग १५ टक्के कमी, चिकट चिखलात ३० टक्के कमी, कोरड्या भुसभुशीत रेतीत ४० टक्के कमी. म्हणजे वेगाला अनुक्रमे ०.८५, ०.७० आणि ०.६० ने गुणायचं. हे काही निसर्गनियम नाहीत. चार वेळा स्वतः चालून पाहिलं की तुमचे आकडे वेगळे निघतील, तेव्हा तेच वापरा.

टक्के वेगातून कापायचे की वेळेत वाढवायचे?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. वेग ४० टक्के कमी झाला म्हणून वेळही ४० टक्केच वाढेल, असं वाटतं. तसं होत नाही. ताशी ५ चा वेग ३ वर आला तर जो किलोमीटर १२ मिनिटांत व्हायचा त्याला २० मिनिटं लागतात, म्हणजे वाढ ६७ टक्क्यांची झाली. घट जितकी मोठी तितकी ही तफावत वाढत जाते. १० टक्क्यांवर ती किरकोळ असते आणि रेतीत ती अंधारात नेऊन सोडते.

दुसरी गोष्ट तिच्याच हातात हात घालून येते. ओझ्याचे १५ आणि रेतीचे ४० मिळून ५५ टक्के, असा हिशेब करू नका. ओझ्यामुळे वेग ५ वरून ४.२५ वर आला, आता रेतीचे ४० टक्के या ४.२५ चे. उरतो २.५५. बेरीज केली असती तर २.२५ आला असता. टक्के गुणायचे, मिळवायचे नाहीत, आणि सगळं वेगावर लावून झाल्यावर शेवटी अंतराला भागायचं.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. फेब्रुवारीचा मध्य, आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला. फाट्यावर बसमधून उतरून ६ किलोमीटर डांबरी रस्ता, मग शेतांमधून ५ किलोमीटर पांदण, मग नदीपात्रातली ३ किलोमीटर कोरडी रेती आणि पलीकडे मुक्काम. एकूण १४ किलोमीटर. तंबू, भांडी आणि ५ लिटर पाणी धरून ओझं १५ किलोच्या घरात, माणूस ७० किलोचा.

नुसत्या ५ ने भागलं तर २ तास ४८ मिनिटं. दुपारी अडीचला निघालं तर ५ वाजून १८ मिनिटांनी पोहोचायचं. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य मावळतो सव्वासहाच्या आसपास, म्हणजे तासभर हाताशी. छान दिसतं.

आता टक्के मिळवून वेळेत वाढवण्याची चुकीची रीत लावून पाहू. डांबरावर ७२ मिनिटांचे ८३ होतात, पांदणीत ६० चे ८७, रेतीत ३६ चे ५६. बेरीज २२६ मिनिटं. म्हणजे ६ वाजून १६ मिनिटं, अगदी सूर्यास्ताला. मनुष्य म्हणतो, चालेल, थोडं झपाझप जाऊ.

आणि बरोबर रीत. डांबरावर वेग ४.२५, वेळ ८५ मिनिटं. पांदणीत ४.२५ गुणिले ०.७०, म्हणजे २.९८ च्या आसपास, वेळ १०१ मिनिटं. रेतीत २.५५, वेळ ७१ मिनिटं. एकूण २५७, म्हणजे ४ तास १७ मिनिटं, पोहोचायचं पावणेसातला. अजून एकाही थांब्याचा हिशेब धरलेला नाही. तासाला १० मिनिटं बसलो तर त्यात चाळीसेक मिनिटं घाला. उजेड असताना, साधारण पावणेसहापर्यंत तंबू ठोकायला पोहोचायचं तर निघायला हवं पाऊणच्या सुमारास, अडीचला नाही.

हिशेब वाटेच्या तुकड्यांनुसारच करावा, हेही यात दिसलं असेल. चिखलाचे ३० टक्के सगळ्या १४ किलोमीटरला लावले तर आकडा वेगळाच येतो आणि कुठल्या तुकड्याने वेळ खाल्ला हे चालताना कळत नाही. ओझं मात्र सगळ्या तुकड्यांना लागतं, कारण ते पाठीवरच असतं.

मूळ वेग कुठून आणला?

अंबाझरी किंवा फुटाळ्याला सकाळी मोकळ्या हाताने चालणारा तासाला ६ किलोमीटर सहज काढतो. पण तो एका तासाचा वेग आहे, चौथ्या तासाचा नाही. लांबच्या चालीसाठी ५ च धरावा, तोही मोकळ्या पाठीचा. उलट, कोणी आपला वेग पाठीवर पूर्ण बोजा घेऊनच मोजला असेल, तर ओझ्याचा घटक त्यात आधीच शिरलेला असतो. वर पुन्हा ०.८५ लावला तर एकच ओझं दोनदा मोजलं जातं. आकडा कुणाकडूनही घ्या, आधी विचारा: बॅग पाठीवर होती का, आणि वाट कशी होती?

शक्तीचे आकडे वेगाचे समजू नका

इथे जरा थांबतो, कारण हा घोळ चांगल्या वाचणाऱ्यांनाही होतो. जमिनीचे घटक सांगणारी एक तक्ता-पद्धत प्रसिद्ध आहे. सोल आणि गोल्डमन यांनी १९७२ मध्ये हे मोजमाप केलं आणि १९७७ मध्ये पँडॉल्फ व सहकाऱ्यांच्या सूत्रात ते आलं. त्यात पक्क्या रस्त्याला १, कच्च्या रस्त्याला १.१, दलदलीला १.८ आणि भुसभुशीत रेतीला २.१ असे आकडे आहेत. ते पाहून लोक ५ ला २.१ ने भागतात आणि ताशी २.४ चा वेग धरतात. पण तो घटक शक्तीचा आहे. त्याच वेगाने चालत राहिलात तर चालण्यासाठी किती जास्त शक्ती लागेल, ते तो सांगतो. वेग किती ठेवावा ते सांगत नाही.

मग त्यातून वेग काढायचा कसा? त्या सूत्रात सपाट जमिनीवर चालण्याची शक्ती वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. म्हणून दमणं तेवढंच ठेवायचं असेल तर घटकाचं वर्गमूळ घ्या. २.१ चं वर्गमूळ १.४५ च्या आसपास, म्हणजे वेग मूळच्या ६९ टक्के, घट ३१ टक्क्यांची. दलदलीसाठी हीच घट २५ टक्के येते. मी रेतीला ४० धरतो, कारण पाठीवर ओझं असताना पाय जास्त रुततो आणि टाच बाहेर काढताना पुढच्या पावलाची लय जाते. चिखलालाही थोडं जास्त, त्याचं कारण काळी माती. शिवाय त्या सूत्रात ओझं वेगळ्या पदात येतच असतं, त्यामुळे संपूर्ण सूत्र वापरून वर माझा ०.८५ लावू नका.

चिखल एकच नसतो

आपल्याकडची कापसाची काळी माती मोठी नाठाळ. पाऊस चालू असताना ती पातळ असते, पाय घसरतो, पण चिकटत नाही. खरा त्रास होतो तो पाऊस थांबून पाणी ओसरल्यावर, माती ओढायला लागली की. बुटाच्या तळव्याला थर लागतो, त्यावर दुसरा चढतो, त्यात काडीकचरा आणि धसकटं अडकतात आणि पन्नासेक पावलांत दोन्ही पायांवर भाकरीएवढे गोळे तयार. मग काठीने खरवडायला थांबावं लागतं. हे थांबणं ३० टक्क्यांत धरलेलं नाही. ते मिनिटांत वेगळं मोजा, नाहीतर तो घटक खोटा ठरला असं वाटत राहतं.

वापसा आला, म्हणजे शेतकरी ज्या ओलाव्यावर शेतात काम सुरू करतो तिथपर्यंत जमीन सुकली, की हीच पांदण जवळपास कच्च्या रस्त्यासारखी होते आणि ५ ते १० टक्के घट पुरते. म्हणून निघण्याआधी गावातल्या माणसाला एवढंच विचारा: "भाऊ, वापसा आला का?" किती मिलिमीटर पडला यापेक्षा त्याच्या उत्तराने जास्त कळतं.

रेतीतही तसंच. पाण्याच्या काठची ओली, घट्ट रेती कोरड्या रेतीपेक्षा कितीतरी सोपी. तिथे मी १५ टक्केच कापतो. मात्र रेती उपसून झालेले खड्डे काठाशीच पाण्याखाली दडलेले असतात. वेळ वाचवायच्या नादात गढूळ पाण्याच्या अगदी कडेने जाऊ नका.

हिशेब चुकला हे वाटेतच ओळखा

प्रत्येक नव्या तुकड्याचा पहिला किलोमीटर घड्याळ लावून चाला. वरच्या उदाहरणात पांदणीचा किलोमीटर २० मिनिटांत व्हायला हवा. लागली २५. मोकळ्या पाठीचा रस्त्यावरचा किलोमीटर १२ मिनिटांचा, म्हणून १२ भागिले २५, एकूण घटक ०.४८. त्याला ओझ्याच्या ०.८५ ने भागलं की चिखलाचा उरतो ०.५६. तुम्ही धरलेला ०.७० त्या दिवशीच्या मातीला लागू नव्हता. उरलेले ४ किलोमीटर ८१ ऐवजी १०० मिनिटं घेणार, म्हणजे पांदण संपेपर्यंत तुम्ही २४ मिनिटं मागे पडणार.

मोजताना एक सांभाळा. चिखलात आणि रेतीत पाऊल आखूड पडतं. अंतर पावलांनी मोजत असाल तर रस्त्यावरचा आकडा तिथे चालत नाही. ठरलेली पावलं झाली तरी १०० मीटर झालेले नसतात, आणि वेग आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. फोनवर अंतर बघा किंवा चिखलातल्या १०० मीटरची पावलं आधी मोजून ठेवा.

परत फिरायचं की नाही, हे या पहिल्याच किलोमीटरनंतर ठरवावं. तिथून मागे जायला तीच २५ मिनिटं लागतात. तिसऱ्या किलोमीटरवर हाच निर्णय घेतला तर मागे सव्वा तासाचा चिखल असतो आणि पुढे ५० मिनिटांचा, मग सगळे पुढेच जातात. तेव्हा रेतीचा तुकडा अंधारात पार करावा लागणार हे गृहीत धरून हेडटॉर्च बॅगेच्या तळातून काढून वरच्या कप्प्यात ठेवा.