जनरेटरची फ्रिक्वेन्सी मोजताना काउंटरचा गेट टाइम कसा ठरवावा

लग्नसराईत लातूर-जालन्याकडच्या मंगल कार्यालयात लाइट गेली की जनरेटर सुरू होतो. कूलर, पंखे, साउंड असा सगळा भार चढल्यावर मेकॅनिक फ्रिक्वेन्सी काउंटर लावतो, तर आकडा ४९, ५०, ५०, ४९, ५० असा नाचत राहतो. मग प्रश्न पडतो की इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आवळायचा की तसाच ठेवायचा? खरं तर या आकड्यावरून तो निर्णय घेताच येत नाही. आणि यात काउंटर बिघडलेला आहे असंही नाही. चूक मोजण्याच्या पद्धतीची आहे, ती दुरुस्त कशी करायची ते पाहू.

आधी सिग्नल नीट घ्या

२३० व्होल्ट काउंटरच्या इनपुटला थेट कधीही देऊ नका. २३० व्होल्टचे ६ व्होल्ट करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. त्यानं व्होल्टेज उतरतं, वायरिंग अलग होतं आणि फ्रिक्वेन्सी जशीच्या तशी राहते. ट्रान्सफॉर्मर आणि काउंटर यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडा आणि काउंटरच्या इनपुटवर, ग्राउंडकडे, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हा फिल्टर साधारण १६० हर्ट्झच्या वरचा कचरा कमी करत जातो.

मग जनरेटरला हात लावण्याआधी हीच जोडणी महावितरणच्या लाइटवर तपासा. परळीचं केंद्र असो की कोराडीचं, सगळी एकाच ग्रीडला बांधलेली आहेत आणि ग्रीडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. तिथे तुमचा काउंटर १०० किंवा १५० दाखवत असेल, तर लाटेवरच्या काट्यांमुळे एकेक लाट दोनदा-तीनदा मोजली जातेय. आधी ट्रिगर लेव्हल, म्हणजे ज्या व्होल्टेजला काउंटर लाट मोजतो ती पातळी, आणि फिल्टर नीट करा, तोवर पुढे जाण्यात अर्थ नाही.

एकचा फरक येतो कुठून

काउंटर आतून साधा असतो. क्रिस्टलवर चालणारं घड्याळ एक गेट ठरावीक वेळ उघडं ठेवतं आणि तेवढ्या वेळात आलेल्या लाटा मोजल्या जातात. मोजणी भागिले गेट टाइम म्हणजे फ्रिक्वेन्सी.

समजा जनरेटरची खरी फ्रिक्वेन्सी ४९.६ हर्ट्झ आहे. म्हणजे दर २०.१६ मिलिसेकंदाला एक लाट. गेट १ सेकंदाचं आहे, पण ते लाटेची वाट पाहून उघडत नाही, मधेच कुठेतरी उघडतं. गेट उघडल्यावर पहिली लाट ५ मिलिसेकंदांनी आली, तर पन्नासावी लाट ९९३ मिलिसेकंदांच्या आसपास येते. गेट तेव्हा उघडंच असतं, म्हणून मोजणी ५०. तीच पहिली लाट १८ मिलिसेकंदांनी आली, तर पन्नासावी यायच्या आधीच गेट बंद होतं आणि मोजणी ४९ वर थांबते. सीमा १२.१ मिलिसेकंदांवर आहे. पहिली लाट त्याच्या आत आली तर ५०, नंतर आली तर ४९. १२.१ म्हणजे २०.१६ चे ६० टक्के, म्हणून दहांतले साधारण सहा आकडे ५० येतात आणि चार ४९.

काउंटर अर्धी लाट मोजू शकत नाही, हे या चुकीचं मूळ आहे. काउंटर कितीही महाग घेतला तरी या पद्धतीत ही एकची चूक राहतेच. मात्र नाचणाऱ्या आकड्यातही माहिती असते. फ्रिक्वेन्सी स्थिर असेल तर बऱ्याच आकड्यांची सरासरी ४९.६ च्या जवळ येते.

गेट वाढवलं तर?

मोजणीतल्या एका लाटेची किंमत म्हणजे १ भागिले गेट टाइम. ०.१ सेकंदाच्या गेटमध्ये ती १० हर्ट्झ होते. आपला जनरेटर तिथे ४० किंवा ५० दाखवेल, म्हणजे हे गेट या कामाला निरुपयोगी. १ सेकंदाला १ हर्ट्झ. चार पोलच्या जनरेटरवर १ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ३० फेरे, हाही फरक लहान नाही. १० सेकंदांच्या गेटला ०.१ हर्ट्झ, आणि आता आकडा ४९.६ येतो, फार तर शेवटचा अंक एकानं मागंपुढं होईल.

इथेच बरेच जण थांबतात. मला हे धोक्याचं वाटतं. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली असेल किंवा गव्हर्नरची लिंक अडखळत असेल, तर इंजिन झुलतं. समजा फ्रिक्वेन्सी दर दोन सेकंदांत ४९.२ ते ५०.० अशी खालीवर होतेय. १० सेकंदांचं गेट ते सगळं एकत्र मोजून शांतपणे ४९.६ दाखवेल. आकडा स्थिर, इंजिन आजारी. शिवाय गव्हर्नरचा नट एकदा फिरवला की पूर्ण नवं माप दिसायला १० सेकंद थांबावं लागतं.

उलटं मोजा

५० हर्ट्झसारख्या कमी फ्रिक्वेन्सीला काउंटरवरचं पिरियड मोड वापरा. यात लाटच गेट होते. एक लाट सुरू होऊन दुसरी सुरू होईपर्यंत आतल्या घड्याळाचे किती ठोके पडले ते मोजलं जातं. घड्याळ १० मेगाहर्ट्झचं असेल तर ४९.६ हर्ट्झच्या एका लाटेत २,०१,६१२ किंवा २,०१,६१३ ठोके येतात. एकची चूक इथेही आहेच, पण आता ती दोन लाखांत एक आहे. उलट भाग दिला की ४९.६००२ किंवा ४९.६०००. ५० लाटांना लागणारं एक सेकंद न थांबता, एकाच लाटेत.

यातले सगळे अंक मात्र खरे धरू नका. ६ व्होल्टची लाट शून्य ओलांडताना सेकंदाला साधारण २,६०० व्होल्ट इतक्या उताराने चढते. तिच्यावर १० मिलिव्होल्टचा गोंगाट असेल तर ओलांडण्याची वेळ जवळपास ४ मायक्रोसेकंद इकडंतिकडं होते, म्हणजे ४० ठोके. एकच्या चुकीपेक्षा ही चूक कितीतरी मोठी, पण फ्रिक्वेन्सीत ती ०.०१ हर्ट्झच्या आसपासच जाते. जनरेटरला तेवढं पुष्कळ झालं. १० लाटांची सरासरी घेण्याची सोय असेल तर ती निवडा. माप ०.२ सेकंदांत मिळतं, गोंगाटाचा परिणाम दहा पटींनी घटतो आणि झुलणं तरीही दिसतं.

क्रिस्टलची चूक वेगळी. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत तो दशलक्षात १० नं सरकला तरी ५० हर्ट्झवर फरक ०.०००५ हर्ट्झ. इथे तो सोडून द्या. १० मेगाहर्ट्झचा सिग्नल मोजताना तोच फरक १०० हर्ट्झ होतो, तिथे सोडता येणार नाही.

पिरियड मोड सगळीकडे चांगलं असंही नाही. १० मेगाहर्ट्झचं घड्याळ आणि १ सेकंदाचं गेट असेल, तर सुमारे ३,१६० हर्ट्झच्या खाली एका लाटेचं पिरियड माप सरस आणि वर साधी मोजणी सरस.

आता नट

भार काढून पिरियड मोडमध्ये वाचा. ४ टक्के ड्रूपचा, म्हणजे पूर्ण भारावर वेग ४ टक्क्यांनी उतरू देणारा, यांत्रिक गव्हर्नर रिकाम्यावर ५२ ला लावला की पूर्ण भारावर ५० ला उतरतो. आकडा ठरावीक तालात खालीवर होत असेल तर नटाला हात लावू नका, आधी डिझेल फिल्टर, लाइनीतली हवा आणि लिंक बघा. आकडा स्थिर असेल तर नट थोडा थोडा फिरवून ५२ आणा, लॉकनट आवळा आणि पुन्हा वाचा, कारण आवळताना तो सरकतो. मग पूर्ण भार चढवा. आता ४९.६ च्या जागी ५० च्या आसपास आकडा दिसायला हवा. रिकाम्यावर ५२ असूनही भारावर ४९ च्या खाली बसत असेल, तर नट पुढे आवळून उपयोग नाही. इंजिनाला डिझेल कमी पडतंय किंवा भार जनरेटरच्या कुवतीबाहेर गेलाय.