सत्राचा शेवटचा दिवस आणि बाजूला ठेवलेला खोका

मागच्या सत्राच्या शेवटच्या दिवशी मी पहिल्याच तासाला 32 मुलांच्या वह्या, चित्रे, मातीकामाच्या वस्तू आणि पेन्सिली परत करून टाकल्या. दप्तरे भरली गेली आणि दोन तास उरले, तेव्हा लिहायला वर्गात एक कोरा कागदही नव्हता. मधल्या सुट्टीनंतर वह्यांची पाने विमाने होऊन उडू लागली आणि एका मुलीने आठवडाभर खपून केलेला मातीचा हत्ती बाकावरून पडून फुटला. तिच्या ओंजळीतले ते तुकडे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून आदल्या दिवशीच एका खोक्यात 40 कोरे कागद आणि 40 टोक केलेल्या पेन्सिली घालून तो कपाटात कुलूपबंद ठेवा. संख्या मुलांपेक्षा जास्त हवी, कारण टोके मोडतात आणि कागद बिघडतात. साफसफाईच्या भरात कोणी तो उचलून देऊ नये, यासाठी त्यावर आपले नाव लिहा.

हजेरी, बसण्याच्या जागा आणि पहिला तास रोजच्यासारखाच ठेवा. सकाळीच शिस्त सैल झाली, तर दुपारी ती परत येत नाही. नवा धडा घेऊ नका. कोणतेही काम दहा-बारा मिनिटांपेक्षा लांबवू नका आणि बैठ्या कामानंतर उठायचे काम द्या. साफसफाई मधल्या सुट्टीच्या आधी घ्या, पण ‘सगळे मिळून आवरा’ असे म्हणू नका, कारण तसे म्हटले की चौघे राबतात आणि बाकीचे पळत सुटतात. चार-चार जणांचे गट करून प्रत्येकाला कपाट, फळा, भिंत असे एकच ठिकाण नेमून द्या.

सुट्टीनंतरचा तास सर्वांत अवघड असतो आणि खोका त्याच वेळी उघडायचा असतो. पुढच्या वर्षी या वर्गात येणाऱ्या मुलांना पत्र लिहायला सांगा: इथे काय अवघड गेले, कशाने सोपे झाले आणि कशाची भीती बाळगू नये. वाचणारे खरोखर येणार आहेत हे ठाऊक असल्यामुळे चुळबुळणारी मुलेही चार ओळी मनापासून लिहितात. पत्रे गोळा करून जपून ठेवा. ज्यांचे लवकर होईल, त्यांना त्याच खोक्यातला दुसरा कागद चित्रासाठी द्या. तो नसेल, तर पहिली पाच मुले मोकळी होताच उरलेल्यांचेही लिहिणे थांबते.

पुढे पंधरा मिनिटांत संपेल अशीच गोष्ट वाचा, अर्धवट राहणारी नको.

वस्तू परत करणे अगदी शेवटच्या वीस मिनिटांत, रांगेने, नाव पुकारून. नाजूक वस्तू सर्वांत शेवटी, थेट हातात. दप्तरे, डबे, बाकांखालची नजर, निरोप. आणि खोका आजच भरा, उद्या सकाळी वेळ मिळत नाही.