बॅचनिहाय नफा काढताना

माझ्या शिकवणी वर्गाची वर्षअखेरीस बँकेत शिल्लक दिसे, पण दहावी आणि आठवी यांपैकी कोणती बॅच पैसे मिळवून देते, हे त्यावरून कळत नसे. म्हणून यंदा दोन्ही बॅचचा हिशेब स्वतंत्र मांडला.

हॉलचे भाडे सुट्टीतही द्यावे लागत असल्याने बारा महिन्यांचे ९६,००० रुपये धरले. ते विद्यार्थिसंख्येवर न वाटता तासांवर वाटले, कारण बाके रिकामी असली तरी भाडे तेवढेच पडते. दहावीचे आठवड्याला ९ तास आणि आठवीचे ६, म्हणून आठवीच्या वाट्याला ३८,४०० रुपये आले. जाहिरातीचे १२,००० मात्र नव्या प्रवेशांवर वाटले. १६ पैकी १२ प्रवेश आठवीचे असल्याने तिच्यावर ९,००० पडले. आठवीच्या नोट्स आणि झेरॉक्सचे ४,५०० झाले.

आठवीच्या १५ मुलांची ठरलेली फी ९०,००० होती, हाती आले ८४,०००. सुरुवातच जमा रकमेने केली, की थकबाकी पुन्हा खर्चात धरायची नाही, नाहीतर ती दोनदा वजा होते. नफा ३२,१०० उरला. वर्षाच्या २४० तासांनी भागता तासाला सुमारे १३४ रुपये. त्याच रीतीने दहावीला ३७३ आले.

तरीही दहावीची थकबाकी ३६,००० निघाली, कारण बोर्डाची परीक्षा संपली की मुले फिरकत नाहीत आणि पालकही फोन उचलत नाहीत. आता शेवटचा हप्ता पूर्वपरीक्षेआधीच घेतो.